चुकीच्या भाषांतरामुळे दूतावासाने दाखला नाकारला: एजन्सीला तक्रारपत्र कसे लिहावे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान विवाह नोंदणीच्या दाखल्याभोवती लिहिले आहे, कारण एका छोट्या परिच्छेदात दोन नावे, दोन पत्ते आणि दोन तारखा असलेला हा कागद भाषांतरात फार सहज बिघडतो. उदाहरणापुरते असे धरू: ग्रामपंचायतीने दिलेला, फक्त मराठीत असलेला नमुना 'ई'चा दाखला. पती जर्मनीत नोकरीला, पत्नीला कुटुंब-व्हिसावर तिकडे जायचे आहे. पुण्यातल्या एका एजन्सीकडून जर्मन भाषांतर करून घेतले आणि दूतावासाने ते स्वीकारले नाही. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला असला, तरी पत्राची रीत हीच राहते.

दूतावासाने कागद परत केला. सर्वांत आधी काय करायचे?

एजन्सीला फोन करण्याआधी, कागद नेमका कोणत्या टप्प्यावर अडला ते पाहा. अर्ज देतानाच खिडकीवर कागद घेतला नाही, ही एक गोष्ट. अर्ज घेतला आणि नंतर ईमेलने 'सुधारित भाषांतर अमुक तारखेपर्यंत द्या' असे कळवले, ही दुसरी. अर्जच फेटाळल्याचे लेखी पत्र आले, ही तिसरी. पहिल्यात तुमचा वेळ आणि एक खेप गेली, दुसऱ्यात डोक्यावर मुदत आहे, तिसऱ्यात व्हिसाचे शुल्क बुडाले. तक्रारपत्रातल्या मागण्या यावरूनच ठरतात.

खिडकीवर तोंडी नकार मिळाला असेल, तर त्याच दिवशी व्हिसा केंद्राला छोटा ईमेल करा: 'आज अमुक वाजता अमुक कारणाने भाषांतर स्वीकारले गेले नाही, कृपया खात्री करावी.' उत्तर आले नाही तरी तुमच्याकडे त्या दिवसाची, त्या वेळेची नोंद राहते. महिनाभराने आठवणीतून लिहिलेल्या हकिकतीला तेवढे वजन येत नाही.

चूक भाषांतराचीच आहे, हे कसे ओळखायचे?

तीन कागद शेजारी शेजारी ठेवा: मूळ दाखला, भाषांतर आणि पासपोर्ट. चौथा कागद म्हणून स्वतः भरलेला व्हिसा अर्जही घ्या. मग नाव, तारीख, ठिकाण आणि क्रमांक एकेक करून बोट ठेवून ताडून पाहा. जर्मन येत नसले तरी या चारही बाबींतल्या बहुतेक चुका एवढ्या तपासणीत सापडतात, कारण अंक आणि विशेषनामे कोणालाही वाचता येतात.

आपल्या उदाहरणातल्या दाखल्यावर मजकूर साधारण असा असतो: 'यांचा विवाह दिनांक 12/02/2023 रोजी येथे विधी संपन्न झाला', आणि पुढे 'नोंदवहीच्या खंड क्रमांक अमुकच्या अनुक्रमांक अमुकवर दिनांक 27/03/2023 रोजी नोंदणी करण्यात आली'. भाषांतरात विवाहाची तारीख म्हणून 27.03.2023 आली. अर्जात मात्र तुम्ही खरी तारीख, म्हणजे 12 फेब्रुवारी, लिहिली. दुसरी चूक नावात: पासपोर्टवर Dnyaneshwar, भाषांतरात Gyaneshwar. अधिकाऱ्याला मराठी येत नाही. त्याच्या समोर दोन वेगळ्या तारखा आणि दोन वेगळी नावे येतात. लग्नाच्या कागदात अशी विसंगती दिसली की तो थांबणारच.

मूळ दाखल्यावरच चूक असेल, तर गोष्ट वेगळी. ग्रामसेवकाने नावात काना सोडला असेल आणि अनुवादकाने जसेच्या तसे उतरवले असेल, तर अनुवादकाने आपले काम बरोबर केले आहे. मूळ नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी निबंधकाकडे अर्ज करावा लागतो. एजन्सीला पाठवलेल्या पत्राचा तिथे काही उपयोग नाही.

अशी चूक होते तरी कशी?

नावावरून अंदाज बांधता येतो. मराठी अनुवादक 'ज्ञ'चा उच्चार 'द्न्य' करतो, हिंदीभाषक 'ग्य'. दाखल्यावर 'ज्ञानेश्वर' आणि भाषांतरात Gyaneshwar आले, तर मराठी मजकूर हिंदी वाचणाऱ्याच्या हातून गेला असण्याची दाट शक्यता आहे. मराठीतून थेट जर्मनमध्ये काम करणारे कमी आहेत. म्हणून काही ठिकाणी कोणी तरी आधी इंग्रजी मसुदा करते आणि जर्मन अनुवादक फक्त तो मसुदा पाहतो. 'विधी संपन्न झाला' आणि 'नोंदणी करण्यात आली' ही दोन वाक्ये इंग्रजीत एकत्र गुंडाळली गेली, की दोन तारखांपैकी एक गळते. राहते ती चुकीची, आणि जर्मन अनुवादकाला ते कळायला मार्ग नसतो.

तक्रारपत्रात हा अंदाज आरोप म्हणून लिहू नका. प्रश्न म्हणून विचारा: 'भाषांतर थेट मूळ मराठी दाखल्यावरून केले होते का? ज्यांनी अचूकतेचे प्रमाणपत्र दिले, त्यांनी मूळ कागद पाहिला होता का?' प्रमाणपत्रावर 'मूळ मराठीवरून' असे लिहिले असेल आणि उत्तर 'नाही' आले, तर चुकीपेक्षाही गंभीर बाब समोर येते.

आणखी काही नेहमीच्या जागा सांगतो. 'मौजे' हा शब्द गावाच्या नावाचाच भाग समजला जातो. देवनागरी ७ आणि ४ हे अंक इंग्रजी 6 आणि 8 सारखे वाचले जातात. शेऱ्याच्या रकान्यातला मजकूर आणि गोल शिक्का भाषांतरात येतच नाहीत. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज नोंदींमध्ये Naique असे लिहिलेले आडनाव पासपोर्टवर Naik असते. तिथे अनुवादकाने नोंदीतले रूप तसेच ठेवून खाली टीप द्यायची असते.

पत्रात नेमके काय मागायचे?

आधी चूक मान्य करणारे पत्र मागा, पैसे त्यानंतर. बहुतेक लोक उलट करतात, आणि त्यात सगळ्यांत किमती गोष्ट हातची जाते.

सुधारित भाषांतर दूतावासाला नुसतेच दिले, तर अधिकाऱ्यासमोर एकाच दाखल्याची दोन भाषांतरे येतात. कोणते खरे, हे त्याला कळत नाही. उलट तारीख अर्जाशी जुळावी म्हणून बदलून आणली, असाही संशय येऊ शकतो. म्हणून एजन्सीच्या लेटरहेडवर, अनुवादकाच्या सहीने, एका पानाचे निवेदन हवे. त्यात चारच गोष्टी असाव्यात: कोणत्या तारखेच्या, कोणत्या क्रमांकाच्या भाषांतरात चूक झाली; चुकीचा मजकूर कोणता आणि बरोबर कोणता; चूक अनुवाद करताना झाली, मूळ दाखल्यात बदल झालेला नाही; आणि सोबतचे नवे भाषांतर आधीच्याची जागा घेते. हे निवेदन दूतावासाला वाचता येईल अशा भाषेत असावे, आपल्या उदाहरणात जर्मन किंवा इंग्रजीत.

एजन्सी हे द्यायला कचरते, कारण ती लेखी कबुली ठरते. त्यासाठीच पत्रात दोन मागण्या स्पष्ट वेगळ्या ठेवा: निवेदन आणि सुधारित भाषांतर तीन कामकाजाच्या दिवसांत, भरपाई पंधरा दिवसांत. 'पैसे दिले नाहीत तर बघून घेईन' ही भाषा पहिल्या मागणीच्या शेजारी आली, की मालक वकिलाला विचारायला जातो आणि तुमची दूतावासाची मुदत निघून जाते.

पत्राचा नमुना मिळेल का?

कंसातल्या जागी आपला तपशील भरा. भाषा अशीच शांत ठेवा. पत्र दीड पानापेक्षा लांबवू नका.

> दिनांक: (…)
>
> प्रति,
> व्यवस्थापक,
> (एजन्सीचे नाव व पत्ता)
>
> विषय: विवाह नोंदणी दाखल्याच्या जर्मन भाषांतरातील चुकांबाबत
>
> संदर्भ: 1) आपली पावती क्र. (…), दि. (…), रक्कम रु. 1,800
> 2) आपले भाषांतर क्र. (…), दि. (…)
> 3) दूतावासाचा ईमेल, दि. (…)
>
> महोदय,
>
> संदर्भ 1 नुसार माझ्या विवाह नोंदणी दाखल्याचे मराठीतून जर्मनमध्ये भाषांतर करण्याचे काम मी आपल्याकडे दिले होते. हे भाषांतर व्हिसा अर्जासोबत द्यायचे आहे, असे मी दि. (…) च्या संदेशात कळवले होते व पतीच्या पासपोर्टची प्रतही पाठवली होती.
>
> दूतावासाने संदर्भ 3 अन्वये हे भाषांतर स्वीकारले नाही. मूळ दाखल्याशी ताडून पाहता पुढील दोन चुका आढळल्या:
>
> 1. मूळ दाखल्याच्या ओळ 5 मध्ये विवाहाचा दिनांक 12/02/2023 आहे. भाषांतराच्या ओळ 6 मध्ये तो 27.03.2023 असा आहे. 27/03/2023 हा नोंदणीचा दिनांक आहे.
>
> 2. पतीचे नाव पासपोर्टवर Dnyaneshwar आहे. भाषांतरात ते Gyaneshwar असे आहे.
>
> दूतावासाने दि. (…) पर्यंत मुदत दिली आहे. त्यामुळे दि. (…) पर्यंत, म्हणजे तीन कामकाजाच्या दिवसांत, पुढील दोन कागद विनामूल्य द्यावेत:
>
> अ) मूळ मराठी दाखल्यावरून नव्याने केलेले, अनुवादकाच्या सही-शिक्क्यासह जर्मन भाषांतर;
>
> आ) वरील दोन्ही चुका भाषांतर करताना झाल्या, मूळ दाखल्यात कोणताही बदल झालेला नाही, असे आपल्या लेटरहेडवरील निवेदन.
>
> या चुकांमुळे मला झालेल्या खर्चाचा तपशील पावत्यांसह सोबत जोडला आहे. ती रक्कम पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावी. ही मागणी वरील अ व आ पासून स्वतंत्र आहे. त्या कागदांना तिच्यासाठी विलंब करू नये.
>
> भाषांतर थेट मूळ मराठी दाखल्यावरून केले होते का, हेही लेखी कळवावे.
>
> कळावे,
> (सही, नाव, पत्ता, फोन)
>
> सोबत: मूळ दाखल्याची प्रत, भाषांतराची प्रत, पासपोर्टचे पान, दूतावासाचा ईमेल, खर्चाच्या पावत्या

ओळींचे क्रमांक आवर्जून लिहा. 'भाषांतर चुकांनी भरलेले आहे' या वाक्याला 'आम्हाला तसे वाटत नाही' एवढे उत्तर पुरते. 'ओळ 5, ओळ 6' याला मात्र कागद उघडूनच उत्तर द्यावे लागते.

पत्र कोणत्या भाषेत आणि कसे पाठवावे?

एजन्सी महाराष्ट्रातली असेल तर मराठी पुरेशी आहे. पुढे दूतावासाला किंवा परदेशातल्या मालकाला दाखवायचे असेल, तर इंग्रजी प्रत जोडा. आधी ईमेल करा, कारण तीन दिवसांची मुदत त्यावरूनच मोजायची आहे, आणि त्याच दिवशी तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. पोच झाल्याचा तपशील टपाल खात्याच्या साइटवरून लगेच उतरवून ठेवा. फक्त व्हॉट्सॲपवर पाठवून थांबू नका, तिथे 'बघतो' असे उत्तर येते आणि पुढे काहीच होत नाही.

एजन्सी म्हणते, 'मसुदा तुम्हीच पाहून मान्य केला होता.'

हे उत्तर हमखास येते आणि त्यात अर्धे तथ्य असते. मसुद्यावर तुम्ही 'ठीक आहे' लिहिले असेल, तर नावाच्या स्पेलिंगबद्दल तुमचीही काही जबाबदारी येते, कारण ते तुम्हाला वाचता येत होते. पण कोणती तारीख विवाहाची आणि कोणती नोंदणीची, हे समजायला जर्मन यावे लागते. ते येत असते तर एजन्सीकडे जायची गरजच नव्हती. उत्तरात हेच लिहा: 'मसुद्याला दिलेली संमती नावांपुरती होती. जर्मन मजकुराच्या अचूकतेचे प्रमाणपत्र आपण दिले आहे, मी नाही.' प्रमाणपत्रातले ते वाक्य अवतरणात उतरवा.

आणि पासपोर्टची प्रत तुम्ही पाठवलीच नसेल, तर स्पेलिंगचा मुद्दा पत्रातून काढून टाका. एका चुकीच्या मुद्द्यामुळे बरोबर मुद्दाही दुबळा होतो.

दुरुस्तीसाठी चुकीची प्रत परत मागतात. द्यावी का?

मूळ सही-शिक्क्याची प्रत देऊ नका. तिची रंगीत स्कॅन प्रत द्या. ती प्रत हाच तुमचा पुरावा आहे. परत आलेला कागद 'दुरुस्त' होऊन आला तर आधी काय लिहिले होते, हे दाखवायला काहीच उरत नाही. जुन्याच भाषांतरावर पांढरी शाई लावून किंवा हाताने खाडाखोड करून दिलेली दुरुस्तीही घेऊ नका. दूतावासाला नवे, नव्या तारखेचे, पूर्ण भाषांतरच द्या.

भरपाई किती मागता येते?

ज्याची पावती आहे आणि जो खर्च या चुकीमुळेच झाला, तो मागा. आपल्या उदाहरणात भाषांतराचे 1,800 रुपये, दुसऱ्या अनुवादकाकडून तातडीने करून घ्यावे लागले असेल तर त्याचे पैसे, व्हिसा केंद्रावरच्या दुसऱ्या खेपेचा प्रवासखर्च आणि केंद्राचे सेवाशुल्क. अर्ज फेटाळला गेला असेल तर व्हिसाचे शुल्कही. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी प्रौढांना ते साधारणपणे 75 युरो आहे आणि ते परत मिळत नाही.

विमानाचे तिकीट, पगाराचे नुकसान, मनस्ताप यांची गोष्ट अवघड आहे. प्रवासाची तारीख एजन्सीला आधी लेखी माहीत होती, हे दाखवावे लागते. शिवाय व्हिसा मिळण्याआधी तिकीट काढलेच का, हा प्रश्न येतोच. नकाराच्या पत्रात भाषांतराखेरीज दुसरेही कारण असेल, उदाहरणार्थ अपुरा विमा, तर सगळा भार एजन्सीवर टाकता येत नाही. ते कारण लपवून पत्र लिहू नका. पुढे तेच पत्र ग्राहक आयोगासमोर जाते.

'आमची जबाबदारी फीच्या रकमेपुरतीच' अशी अट पावतीमागे छापलेली असते. तिने घाबरून जाऊ नका. अवास्तव एकतर्फी अटींना आव्हान देण्याची सोय ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये आहे.

एजन्सी बरोबर आहे, असे कधी मानावे?

भाषांतर अचूक आहे पण दूतावासाला ठरावीक यादीतला किंवा शपथबद्ध अनुवादक हवा होता आणि ते तुम्ही सांगितलेच नव्हते, तेव्हा. प्रत्येक देशाच्या अटी वेगळ्या असतात. ब्रिटनला भाषांतरावर अचूकतेची ग्वाही, तारीख, अनुवादकाचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो. कॅनडाला अधिकृत संघटनेचा सदस्य नसलेल्या अनुवादकाचे शपथपत्रही लागते, आणि नातेवाइकाने केलेले भाषांतर तिथे चालत नाही. एजन्सीच्या जाहिरातीत 'सर्व दूतावासांना मान्य' असे लिहिले असेल, तर मात्र तुमची बाजू पुन्हा बळकट होते. त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ॲपोस्टिल पुन्हा करावे लागेल का?

मूळ दाखल्यावर ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारने केलेले प्रमाणीकरण, असेल आणि दाखला बदललेला नसेल, तर नाही. फक्त भाषांतर बदलते. भाषांतरावरही वेगळे ॲपोस्टिल केले असेल तर तो खर्च पुन्हा येतो आणि तो भरपाईत धरावा. जर्मनीपुरते सांगायचे तर, 14 जुलै 2005 पासून भारत ॲपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला असल्याने भारतीय ॲपोस्टिल तिथे चालत नाही. तुमच्या एजन्सीने जर्मनीसाठी म्हणून ॲपोस्टिलचे पैसे घेतले असतील, तर तो तक्रारीचा वेगळा मुद्दा आहे.

अर्ज फेटाळलाच गेला असेल तर?

पूर्वी जर्मन दूतावासाकडे नकाराविरुद्ध फेरविचाराचा विनामूल्य अर्ज करता येत असे. 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता एक तर नवा अर्ज, नाही तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, आणि त्याची मुदत नकाराच्या पत्रात दिलेली असते. फक्त भाषांतराचीच चूक असेल तर नवा अर्ज बहुधा लवकर मार्गी लागतो. त्याला नवे भाषांतर, वर सांगितलेले निवेदन आणि मागच्या अर्जात काय घडले याचे तुमच्या सहीचे अर्ध्या पानाचे पत्र जोडा. मागचा नकार लपवू नका. नोंद त्यांच्याकडे असतेच.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही. पुढे?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे तक्रार नोंदवली की ती एजन्सीकडे पाठवली जाते, आणि लहान रकमेची बरीच प्रकरणे इथेच मिटू शकतात. नाही मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग. एजन्सी पुण्यात असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क नाही. भाषांतराच्या बाबतीत तेवढी रक्कम जवळपास कधीच नसते. वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. आयोगात तुमचे तक्रारपत्र, ओळींचा तक्ता आणि पोच हेच पहिले कागद असतात, म्हणून पत्रात रागाच्या भरात एकही वाक्य नको.

सुधारित भाषांतर आले. आता ते कसे तपासावे?

फक्त दुरुस्त झालेल्या दोन जागा पाहून थांबू नका. नव्याने टाइप करताना आधी बरोबर असलेला अनुक्रमांक चुकण्याचा धोका असतो. मूळ दाखल्यावर पेन्सिलने प्रत्येक अंकाखाली टिंब देत जा: दोन तारखा, खंड क्रमांक, अनुक्रमांक, पिन कोड, शिक्क्यातला आकडा. नावे पासपोर्टवरून अक्षर अक्षर लावून पाहा, मधल्या नावासह. जर्मन येणारे कोणी ओळखीचे असेल, तर त्यांना दोनच शब्द दाखवून विचारा: पहिल्या तारखेशेजारी विवाह लिहिले आहे का, आणि दुसरीशेजारी नोंदणी.